वसुबारसेचा निरोप: अकरा महिन्यांच्या करारावरील एक प्रकरण अभ्यास

पुण्यातील कोथरूडमधल्या एका दोन खोल्यांच्या सदनिकेचे हे प्रकरण आहे. मालक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, भाडेकरू म्हणजे तिशीतले नोकरदार पती-पत्नी आणि त्यांचा पहिलीतला मुलगा. लिव्ह अँड लायसन्स पद्धतीचा अकरा महिन्यांचा करार १ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाला होता आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी संपत होता. भाडे महिना २२,००० रुपये, अनामत ७५,००० रुपये. भाडे दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत जमा होत असे आणि दोन्ही बाजूंना एकमेकांविषयी तक्रार नव्हती. करारनाम्यांची नोंदणी करून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे या सदनिकेचा मागचा करारही माझ्याच हातून झाला होता. ओळखता येतील असे तपशील वगळून हे प्रकरण मांडत आहे.

मुदत संपण्याच्या एक महिना आधी पुढच्या मुदतीविषयी बोलून घ्यावे, असे जुन्या करारात एक कलम होते, म्हणजे ही बोलणी सप्टेंबरअखेर व्हायला हवी होती. परंतु ८ ते २१ सप्टेंबर हा पितृपक्ष होता आणि घराच्या व्यवहाराची बोलणी त्या दिवसांत काढू नयेत असा मालकांच्या घरी रिवाज होता. पुढे घटस्थापना झाली, २ ऑक्टोबरला दसरा झाला, आणि चांगली माणसे आहेत, घाई कसली, या भावनेने विषय दिवाळीपर्यंत येऊन पोहोचला. २०२५ मध्ये वसुबारस १७ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन २१ ला आणि पाडवा २२ ला होता, म्हणजे पाडव्यानंतर कराराचे अवघे नऊ दिवस उरत होते. त्यातही लक्ष्मीपूजन आणि बलिप्रतिपदा या सार्वजनिक सुट्ट्या, २५ व २६ रोजी शनिवार-रविवार, आणि भाडेकरू कुटुंब दिवाळीसाठी सोलापूरला गावी जाणारे. अशा परिस्थितीत मालकांनी शुभेच्छांच्या निरोपातच विषय काढायचे ठरवले आणि मजकूर पाठवण्यापूर्वी मला वाचायला दिला.

तो पहिला मसुदा असा होता:

“आपणा सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा! तुम्ही आता आम्हाला परके नाही, घर तुमचेच समजा आणि हवे तितके दिवस राहा. करार संपत आला आहे, तेवढे सवडीने बघून घेऊ. यंदा सगळीकडेच भाडी वाढली आहेत, तर आपणही थोडेफार वाढवू. बाकी काही नाही, फराळाला या.”

वाचताना यात आपुलकीखेरीज काही जाणवत नाही, आणि त्यामुळेच यातल्या अडचणी लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत. सर्वांत मोठी अडचण “हवे तितके दिवस राहा” या शब्दांत आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत अजूनही ऐकू येते, पण ती महाराष्ट्रापुरती तरी चुकीची आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी त्याच कलमाने मालकावर टाकली आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूदही तेथे आहे. आता ३१ ऑक्टोबरनंतर नवा करार झालाच नाही आणि पुढे कधी वाद उपस्थित झाला, तर भाडेकरूच्या हातात मालकांनीच लिहिलेले “हवे तितके दिवस राहा” हे वाक्य असते. मोबाइलवरचा निरोप हा इलेक्ट्रॉनिक अभिलेख असतो आणि भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे योग्य प्रमाणपत्रासह तो न्यायालयात मांडता येतो. एवढ्या एका वाक्यावर खटल्याचा निकाल लागेल असे मी म्हणत नाही, परंतु ज्या मालकाकडे नवा करार नाही त्याच्या बाजूने बोलणारे ते वाक्य नक्कीच नव्हे.

याच कायद्याच्या कलम २४ मध्ये मालकाला एक भक्कम संरक्षण आहे. राहण्यासाठी परवान्याने दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर भाडेकरूने जागा सोडली नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळू शकते. या अर्जात लेखी करारातील मजकूर हा त्यातील गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. पण मुदत संपल्यानंतरही मालक महिन्यामागून महिना भाडे स्वीकारत राहिले आणि सोबत “राहा हो” असे निरोप पाठवत राहिले, तर संमती होती की नव्हती हा वाद आपणच उभा केल्यासारखे होते.

दुसरी अडचण भाड्याच्या वाक्याची होती. “थोडेफार वाढवू” हे वाचून भाडेकरू ऐन सणात आकड्याचा अंदाज बांधत बसतो. या कुटुंबाच्या मनात थोडेफार म्हणजे पाचशे रुपये असू शकतात आणि मालकांच्या मनात दोन हजार. आकडा द्यायचा नसेल तर वाढीचा उल्लेखही शुभेच्छांत करू नये, आणि द्यायचा असेल तर तो शुभेच्छांत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसरी गोष्ट म्हणजे “सवडीने बघून घेऊ”. मालकांना खरी निकड तारखेची होती आणि संपूर्ण मजकुरात तारीख तेवढी नव्हती. भाडेकरू २६ ऑक्टोबरला रात्री गावाहून परतणार होते आणि त्यांनी हे वाक्य जसेच्या तसे मनावर घेतले असते, तर नोंदणीचा विषय नोव्हेंबरात गेला असता.

याच्या उलट टोकाचा मजकूरही मी अनेकदा पाहिला आहे. दिव्याचे चित्र, खाली दोन ओळी शुभेच्छा, आणि लगेच “आपला करार दि. ३१ रोजी संपुष्टात येत असून नूतनीकरण न झाल्यास जागा रिकामी करावी लागेल, याची नोंद घ्यावी.” कायद्याच्या दृष्टीने यात चूक काढता येत नाही. मात्र असा निरोप मिळालेले कुटुंब पाडव्याच्या दिवशी ओवाळणी आटोपून दुसरे घर शोधायला लागते, आणि चांगले भाडेकरू गमावण्याचा हा अगदी सरळ मार्ग आहे. जागा सोडण्याची सूचना द्यायचीच असेल तर ती स्वतंत्र पत्राने, सण वगळून द्यावी.

मालकांशी झालेल्या चर्चेत आम्ही एकच कसोटी ठरवली. शुभेच्छांच्या निरोपात पुढच्या पायरीची तारीख असावी, अटी असू नयेत. राहू द्यायचे आहे हा मनोदय त्यात कळावा, पण तो कराराच्या अधीन असल्याचेही त्याच वाक्यात यावे, कारण नंतरच्या वेगळ्या खुलाशाने आधीच्या सैल वाक्याचा अर्थ बदलत नाही. दिवसाच्या निवडीवरही थोडे बोलणे झाले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पैशाची देवघेव बोलणे अनेक घरांत आवडत नाही, तर पाडवा हा व्यापारी वर्षाचा पहिला दिवस असल्यामुळे येत्या वर्षाचे बोलण्यासाठी तो साजेसा आहे. पण पाडव्यापर्यंत थांबले तर वेळ हातातून जात होती. म्हणून वसुबारसेला, कुटुंब गावी निघण्यापूर्वी, निरोप पाठवायचा आणि पाडव्याला फोनवर बोलायचे, असे ठरले. निरोप ओळखीच्यांच्या समूहात किंवा स्टेटसवर न टाकता थेट पती-पत्नी दोघांना पाठवायचा होता, कारण करारावर दोघांच्याही सह्या होत्या.

पाठवलेला मजकूर असा होता:

“प्रिय उभयतांस सप्रेम नमस्कार. आज वसुबारस. ही दीपावली तुम्हा तिघांना आणि सोलापूरच्या आई-बाबांना आनंदाची व आरोग्याची जावो. गेल्या वर्षभरात तुम्ही घर जसे नीटनेटके ठेवले त्याबद्दल आम्हा दोघांना समाधान आहे.

आपला करार ३१ ऑक्टोबरला पूर्ण होतो. तुम्हाला पुढेही राहायचे असल्यास नवा करार करून आपण मुदत सुरू ठेवावी, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी २८ तारखेला मंगळवारी संध्याकाळी घरीच अंगठ्याची नोंद घेता येईल, ती वेळ सोयीची आहे का, एवढे गावी जाण्यापूर्वी कळवावे. भाडे व इतर बाबींचे टिपण भाऊबीज झाल्यावर वेगळे पाठवतो, त्याआधी पाडव्याला फोनवर बोलूच. तुमचा काही वेगळा विचार असेल तर तोही मोकळेपणाने सांगावा. परत आलात की फराळाला नक्की या. आपले, काका-काकू.”

या मजकुरात “नवा करार करून” हे शब्द मुद्दाम घातले होते. जुना करार केवळ निरोपानिरोपी करून लांबत नाही. नव्या मुदतीला नवा दस्त, नवे मुद्रांक शुल्क आणि नवी नोंदणी लागते. “तुमचा काही वेगळा विचार असेल तर” या वाक्याला मालक आधी तयार नव्हते, कारण त्यामुळे आपण होऊन जाण्याची वाट दाखवल्यासारखे होईल असे त्यांना वाटत होते. मला मात्र ते वाक्य आवश्यक वाटले. भाडेकरूने आधीच दुसरीकडे बघून ठेवले असेल तर ते २० ऑक्टोबरला कळणे आणि ३० ऑक्टोबरला कळणे यांत मालकाच्या एका महिन्याच्या भाड्याचा फरक पडू शकतो.

उत्तर त्याच संध्याकाळी आले. शुभेच्छांची परतफेड करून पत्नीने लिहिले होते की २८ तारीख चालेल, राहायचेच आहे, फक्त स्वयंपाकघरातल्या सिंकखालची गळती दिवाळीनंतर एकदा पाहावी. ही गळतीची तक्रार जूनपासून होती आणि दोन वेळा सांगूनही राहून गेली होती, असे पाडव्याच्या फोनवर स्पष्ट झाले. शुभेच्छांचा निरोप दोन्ही बाजूंनी वाचला जातो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मालकाने कागदपत्रांचा विषय काढला की भाडेकरूलाही आपला राहिलेला विषय काढायला तीच योग्य वेळ वाटते, आणि ते न्याय्यच आहे. मालकांनी नळजोडणी करणाऱ्याला २७ तारखेला पाठवतो असे सांगितले आणि त्यानंतरच भाड्याविषयी बोलणे सुरू झाले.

भाऊबिजेनंतर पाठवलेल्या टिपणात मालकांनी दोन पर्याय मांडले. पहिला अकरा महिन्यांचा, भाडे २४,००० रुपये. दुसरा चोवीस महिन्यांचा, पहिल्या वर्षी २३,००० आणि दुसऱ्या वर्षी २४,५०० रुपये. खर्चाचा हिशेब दोन्ही बाजूंना कळावा म्हणून मी तो मांडून दिला होता. राहण्याच्या जागेच्या अशा कराराला एकूण भाडे, परत न मिळणारी अनामत असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल दहा टक्क्यांनी धरलेली रक्कम, यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. चोवीस महिन्यांचे भाडे ५,७०,००० रुपये, ७५,००० रुपये अनामतीवर दोन वर्षांचे १५,००० रुपये, एकूण ५,८५,००० रुपये, आणि त्याचे पाव टक्का म्हणजे सुमारे १,४६२ रुपये. महापालिका हद्दीतील नोंदणी शुल्क १,००० रुपये, तेही एकदाच. अकरा महिन्यांचे दोन करार केले तर शुल्काची बेरीज साधारण तेवढीच भरते, पण नोंदणी शुल्क दोनदा जाते आणि आमच्यासारख्यांचा मोबदलाही दोनदा द्यावा लागतो. त्यामुळे निव्वळ खर्चाकडे पाहता चोवीस महिने सोयीचे होते.

तरीही तो पर्याय गळाला, आणि तो मालकांच्याच बाजूने गळाला. त्यांची मुलगी बेंगळुरूला नोकरीला होती आणि २०२६ च्या अखेरीस पुण्यात बदली होण्याची शक्यता होती. टिपणात हे लिहिलेले नव्हते. फोनवर पती म्हणाले, “काका, दोन वर्षांचा करार असेल तर आम्ही मुलाची शाळा जवळ घेतो,” तेव्हा मालकांनी ही शक्यता सांगून टाकली. हे आधीच सांगायला हवे होते असे मला वाटते, कारण येत्या वर्षाच्या व्यवस्थेत भाड्यापेक्षा अशी माहिती भाडेकरूला जास्त उपयोगाची असते. ती कळल्यावर त्या कुटुंबाने अकरा महिनेच घेतले, पण अनिश्चितता आपल्या वाट्याला येत असल्याने भाडे २३,००० असावे असा आग्रह धरला आणि मालकांनी तो मान्य केला. अकरा महिन्यांचे २,५३,००० रुपये भाडे आणि अनामतीवरचे ६,८७५ रुपये मिळून २,५९,८७५ रुपयांवर मुद्रांक शुल्क साडेसहाशेच्या आसपास आले. ते आणि नोंदणी शुल्क निम्मे निम्मे करायचे ठरले. अशी वाटणी बहुतेक ठिकाणी होते, पण खर्च कोणीही केला तरी नोंदणीची कायदेशीर जबाबदारी मालकाचीच राहते.

नव्या दस्तात एक बाब मुद्दाम तपासावी लागते, ती अनामतीची. नवा करार जुन्याच्या नकलेवरून केला जातो आणि “आज रोजी ७५,००० रुपये अनामत दिली” असे वाक्य त्यात तसेच राहते. प्रत्यक्षात त्या दिवशी कोणीही काही दिलेले नसते. त्यातून जुनी अनामत परत झाली होती का, की आता दोन अनामती जमा आहेत, असा विनाकारण घोळ होतो. म्हणून येथे मागील कराराचा दस्त क्रमांक व तारीख देऊन, तेव्हा बँकेमार्फत भरलेली अनामत या करारासाठी पुढे चालू ठेवली आहे, असे लिहिले.

२८ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ऑनलाइन नोंदणीसाठी यंत्र घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. भाडेकरू पती-पत्नी आणि दोन साक्षीदार यांचे ठसे लगेच जुळले, मालकांचा अंगठा मात्र आधारच्या नोंदीशी जुळेना. वयानुसार बोटांवरच्या रेषा पुसट होतात आणि ज्येष्ठ मालकांच्या बाबतीत हे वारंवार घडते. हात कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून, दुसऱ्या हाताची बोटे वापरल्यावर डाव्या तर्जनीचा ठसा जुळला. तो जुळला नसता तर दुय्यम निबंधक कार्यालयात समक्ष जाऊन दस्त नोंदवण्याचा मार्ग उरला होता, आणि त्यासाठी हातात तीन कामाचे दिवस शिल्लक होते. निरोपात २८ तारीख लिहिली होती ती याचसाठी, ३१ तारीख लिहिली असती तर अशा अडचणीला जागाच राहिली नसती. नोंदणी मुदतीच्या आत झाली आणि नवा करार १ नोव्हेंबरपासून कोणताही खंड न पडता सुरू झाला.

नोंदणी झालेल्या कराराची प्रत सोसायटीच्या कार्यालयात दिली आणि भाडेकरूंची माहिती पोलिसांकडेही नोंदवली. पतीने घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी कार्यालयात कराराची प्रत आणि मालकांचा पॅन क्रमांक दिला, कारण वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असले की मालकाचा पॅन मागितला जातो. मालकांनी तो आनाकानी न करता दिला.

नवी मुदत ३० सप्टेंबर २०२६ रोजी संपते. अकरा महिन्यांचा करार दर वर्षी एक महिना मागे सरकत असल्यामुळे दिवाळीशी पडलेली गाठ पुढच्या वेळी पडणार नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने दिवाळीच नोव्हेंबरात आहे, आणि मुदत संपण्याचा दिवस थेट पितृपक्षात येतो, म्हणजे मालकांच्या घरच्या रिवाजाप्रमाणे बोलणी पुन्हा अडणार. म्हणून नव्या करारात पुढील मुदतीचे बोलणे ३१ ऑगस्टपर्यंत व्हावे असे तारखेनिशी लिहिले आहे. १४ सप्टेंबरच्या गणेश चतुर्थीला मालक जो निरोप पाठवतील त्यात अंगठ्याच्या नोंदीचा दिवस आणि मोदकांचे आमंत्रण एवढेच असावे, असे आम्ही आत्ताच ठरवून ठेवले आहे.